स्वतःच मागितलेली बंदी

मी आखाडा बाळापूरची. नांदेडला नर्सिंग शिकले, लग्न झालं आणि दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरीसाठी इंग्लंडला गेले. मधल्या भागातलं एक लहानसं गाव होतं. वर्षभरात नवरा आणि लेकही आले. नवरा कळमनुरीला शिकवण्या घ्यायचा. इंग्लंडात त्याला बिस्किटांच्या कारखान्यात काम मिळालं. कामात बोलायला कुणी नाही, घरी यावं तर मी ड्यूटीवर. कारखान्याच्या वाटेवर घोड्यांवर पैज लावायची दुकानं होती. त्यात पडद्यावर चक्र फिरवणारी जुगाराची मशीन असायची. तो आधी नुसता ऊब घ्यायला आत जायचा.

एकदा लेकीला शाळेतून आणायची पाळी त्याची होती आणि तो आलाच नाही. शाळेने मला वॉर्डात फोन केला. मी धावत गेले तर लेकरू कोट घालून बाईंजवळ बसलेलं. संध्याकाळी तो माझ्यासमोर खाली मान घालून बसला.

"मशीनपुढून उठवलंच न्हाई," तो म्हणाला. "तिथं एक कागद लावलाय भिंतीवर. आपण सांगितलं तर ते आपल्याला आत घेत न्हाईत म्हणे. मी देतो लिहून."

मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून त्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईने आम्हाला मागच्या खोलीत बसवलं. त्याचे फोटो घेतले, सही घेतली. मुदत कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं. मुदतीच्या आत मन बदललं तरी बंदी उठत नाही, हे तिने दोनदा सांगितलं. त्याने सहा महिने लिहिले.

"पाच वर्षं लिवा की," मी मराठीत म्हटलं.

"सहा महिने बस झाले. मी काय दारुडा हाय का?"

मग तिने पुढचं सांगितलं आणि माझा धीर सुटला. ही बंदी फक्त त्यांच्या कंपनीपुरती. तीही यादीत लिहिलेल्या जवळपासच्या दुकानांपुरती. दुकानातल्या माणसांनी फोटो पाहून ओळखायचं आणि बाहेर काढायचं. पण चुकून आत शिरला तर जबाबदारी मुळात त्याचीच. त्याच रस्त्यावर आणखी तीन कंपन्यांची दुकानं होती. प्रत्येकीत वेगळं जाऊन, वेगळा फोटो, वेगळी सही. सगळ्यांना एकदम कळवायची सोय तेव्हा नव्हती. मी वॉर्डात एका रोग्याची माहिती एका बटणावर दुसऱ्या विभागाला पाठवत होते आणि इथे माझा नवरा दारोदार फोटो वाटत फिरणार होता.

दुसऱ्या दुकानापर्यंत तो आला. तिसऱ्याच्या दारात थांबला.

"मी न्हाई येत. चोरावानी फोटो लावून राहिलेत माझे."

"मग काहून आलात इथवर?"

तो घराकडे वळला. पण तिसरं दुकान उघडं राहिलं आणि त्याला ते बरोबर ठाऊक होतं. पुढच्याच आठवड्यात तो तिथे सापडला. मी हात धरून सही करवून घेतली, मग चौथ्यातही. तेव्हा तो बसने पुढच्या गावाला जाऊ लागला. तिथलं दुकान आमच्या यादीत नव्हतं.

त्यानंतर घरचा कॉम्प्युटर. एका साइटवरचं खातं त्याने माझ्यासमोर बंद केलं आणि मी निर्धास्त झाले. महिन्याभरात तेच खातं पुन्हा चालू. नुसतं 'खातं बंद करा' म्हटलं की मागितल्यावर ते परत उघडून देतात. 'स्वतःवर बंदी' असं स्पष्ट सांगावं लागतं. मी त्याच्याकडून तसं लिहून घ्यायला बसले तर साइटच्या चॅटवर उत्तरं देणाऱ्या माणसाने आधी आठवडाभराची विश्रांती घ्या असं सुचवलं. मला इतका संताप आला की मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावलं: विश्रांती नको, बंदी हवी. ती झाली. पण दुसऱ्या साइट होत्याच, आणि ईमेलचा पत्ता बदलला की नवा माणूस तयार.

त्याच मुदतीत माझ्या भावाचं लग्न आलं. बाळापूरला आलो. मला वाटलं, इथे घरचे आहेत, मशीन नाही. लग्नघरातून तो 'वसमतला मित्राकडं' म्हणून जायचा आणि नेट कॅफेत बसायचा. ते बंद पाडलं तर बाजारातल्या पानटपरीवर मटक्याचा आकडा लावताना भावाने त्याला पाहिलं.

मी पर्समधला त्याचा फोटो घेऊन टपरीवर गेले. टपरीवाला शाळेपासून ओळखीचा होता.

"हे माझे मालक. यांचा आकडा घेऊ नका. तिकडं दुकानवाले असं लिहून घेतात."

त्याने फोटो पाहिला, परत दिला. "ताई, मी न्हाई घेतला तर पलीकडचा घेईल. तुमी किती जणाला फोटो दाखवसाल?"

तो कुचेष्टेने बोलला नव्हता. मी फोटो पर्समध्ये ठेवला. आमच्याकडचा आकडा मुळात बेकायदा; त्यावर बंदी मागायची कुणाकडे? इंग्लंडातली योजना कितीही भोकांची असली तरी निदान तक्रार ऐकायला माणूस होता.

परत गेल्यावर सहा महिने भरत आले. मुदत संपताच दार आपोआप उघडेल अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. स्वतः जाऊन 'मला परत खेळायचंय' असं सांगावं लागे, आणि त्यानंतरही एक दिवस थांबायला लावत. तो गेला आणि सांगून आला. दुपारी मी डाळ शिजवत होते तेव्हा म्हणाला, "उद्यापासून घेतील म्हणे मला." त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

"मग?"

"सांगून बाहेर आलो अन् माझीच मला भीती वाटली. तू चल. पाच वर्षं लिवू."

या वेळी तो प्रत्येक दुकानात स्वतः बोलला, पुढच्या गावातली दुकानंही यादीत घातली. जाहिरातीचे मेसेज बंद करायला सांगितलं. बँकेत जाऊन ऑनलाइन चालणारं कार्ड बदलून फक्त एटीएममधून पैसे काढायचं घेतलं. कॉम्प्युटरवर जुगाराच्या साइट अडवणारं सॉफ्टवेअर टाकलं, पासवर्ड माझ्याकडे. पगार माझ्या खात्यात. आणि दर आठवड्याला जुगार सोडणाऱ्यांच्या बैठकीला जाऊ लागला, कारण सॉफ्टवेअर फक्त घरच्या कॉम्प्युटरवर होतं, मन सगळीकडे फिरत होतं.

तरीही एकदा तो आत गेला. दाढी वाढलेली, दुकानात नवी पोरगी, तिने ओळखलं नाही. तो खेळून घरी आला आणि सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी त्या दुकानात जाऊन भांडले. बाईने माफी मागितली, नवा फोटो मागितला. एवढंच. त्यानंतर दर वर्षी आम्ही आपणहून नवा फोटो नेऊन देत असू. कुणी मागितला नव्हता.

पुढे एकदा तो पुन्हा त्याच दुकानात शिरू लागला तेव्हा काउंटरवरच्या दुसऱ्या एका माणसाने फोटोवरून ओळखून त्याला दारातच थांबवलं. तो घरी आला तेव्हा अपमानाने लाल झाला होता. जेवला नाही. मी ताट झाकून ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी शांतपणे ड्यूटीवर गेले.