हिरव्या पट्टीचा भरवसा

माझे सासरे आयुष्यभर कापूस पिकवत आले, आणि कापूस पिकवणाऱ्या माणसाला फवारणीच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण वाचता आलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. लाल त्रिकोण म्हणजे जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यांत सौम्य. दर्यापूरच्या आजूबाजूच्या गावांतले किती तरी जण बाटली घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि ते मास्तरासारखे ओट्यावर बसून सांगायचे, "ह्याले हातमोजे घालजो, हे मारल्यावर हात न धुता जेवाले बसू नको." त्यांच्या शेतात फवारणीनं कधी कोणी आडवं पडलं नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो रास्तच होता.

गुडघे बोलायला लागले तसं त्यांनी शेत बटईनं, म्हणजे वाट्यानं, दिलं आणि दर्यापूरला आमच्याकडे राहायला आले. मी चौकात मेडिकल चालवते. नवरा अकोल्याला नोकरीला, सकाळच्या एसटीनं जातो तो सांजेलाच उगवतो. सासूबाई नाहीत. तेव्हा चार वर्षांची पोरगी आणि आठ महिन्यांचं बाळ मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हवाली करून मी काउंटरवर जायचे. ते होते म्हणून माझं दुकान होतं. एरवी डी.फार्म.चं सर्टिफिकेट भिंतीला लावून मी घरी भाकरी थापत बसले असते.

भानगड अशी की शेत सुटलं तरी त्रिकोण काही सुटेना. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर मामाजी रंग शोधू लागले. हिंगाच्या डबीवर सापडला नाही तर नाराज व्हायचे. आणि एक दिवस त्यांना टूथपेस्टच्या ट्यूबच्या शेपटीला, जिथे ती दाबून चिकटवलेली असते तिथे, एक छोटी हिरवी पट्टी दिसली.

"सूनबाई, हे पाह्य. हिरवा हाय. पोट्टीले चालते."

पोट्टीला चालतच होतं. ती ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्ट काढायची, दात एकदा घासायची आणि उरलेली गिळायची. कधी कधी घासण्याचा त्रासही घ्यायची नाही. मी सांगितलं, मामाजी, यात फ्लोराइड असतं. दातांना चांगलं, पण गिळायला नाही. पोट दुखतं, आणि रोज गिळलं तर हिरड्यांच्या आत तयार होत असलेल्या पक्क्या दातांवर पांढरे डाग येतात. खोक्यावर लिहिलंय, सहा वर्षांच्या आतल्या मुलांना वाटाण्याएवढीच द्या, मोठ्या माणसानं समोर उभं राहा, थुंकायला लावा. तीन वर्षांच्या आतलं असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी.

मामाजींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "वाटाणा ओला का वाळला?"

औषधशास्त्राच्या दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पण ज्यानं वाटाणा पेरलाय त्याला माहीत असतं की ओला आणि वाळला यात केवढा फरक. मी आपलं ठोकून दिलं, "वाळला." दुसऱ्या दिवशी मोरीजवळ बाटलीच्या झाकणात एक वाळका वाटाणा ठेवलेला. पोरगी ब्रश पुढे करायची, आजोबा वाटाण्याशी ताडून पेस्ट द्यायचे, आणि ती "आबा, आजचा वाटाणा लहान हाय" म्हणून वाद घालायची. घासणं दोन मिनिटं, भांडण दहा मिनिटं. पण गिळणं थांबलं. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतर त्यांची दाढ काढली, अमरावतीला. दातांच्या डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला. दुसऱ्या दिवसापासून दोन वेळा, दहा मिली, अर्धा मिनिट तोंडात धरून थुंकायचा, एक आठवडा. ब्रश केल्यावर लगेच नाही, निदान अर्धा तास जाऊ द्यायचा, नाहीतर पेस्टमुळे त्याचा जोर जातो. नंतर लगेच पाण्यानं चूळ भरायची नाही. आणि चहा जरा सांभाळून.

मामाजींनी त्यातलं "दोन वेळा" तेवढं घेतलं. ब्रश झाला की लगेच माउथवॉश, माउथवॉश झाला की लगेच चहा. आठवडा संपला तरी बाटली संपली नव्हती, आणि आणलेलं औषध अर्धवट टाकणं त्यांच्या शेतीत बसत नाही. बाटली संपली तेव्हा त्यांनी माझ्या गैरहजेरीत दुकानातून दुसरी उचलली.

महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या. एक, त्यांना भाजी अळणी लागायला लागली. "सूनबाई, तुह्या हाताले काय झालं? मीठ टाकून नाही राहिली का तू?" मी मीठ वाढवलं तर पोरगी बोंबलायला लागली. मग मी भाजी नेहमीसारखी करून त्यांच्यासमोर मिठाची वाटी ठेवली आणि मजा बघत बसले. दोन, त्यांचे दात धुरकटलेल्या बत्तीच्या काचेसारखे तपकिरी झाले. त्यांनी दोष चहापत्तीला दिला, किराणा दुकानदाराशी भांडून आले. शेवटी मी बाटली हातात घेऊन वाचून दाखवली: जास्त दिवस वापरल्यास दात डागाळतात, चव बदलते.

"मंग त्याच्यावर त्रिकोण कावून नाही?" ते म्हणाले.

मी हसले. मनापासून, पोट धरून हसले. आज ते हसणं मला बोचतं. कारण त्यांना काय समजत नाहीये हे तेव्हाच समोर आलं होतं आणि मी ते विनोद म्हणून घरभर सांगत सुटले.

मग तो मंगळवार आला. बाळाचे खालचे दोन दात वर येत होते. लाळ गळत होती, रड थांबत नव्हती. मी दुपारी जेवायला घरी आले तर घर चिडीचूप. मामाजी खुशीत. "पाह्य कसं शांत केलं."

बाळ मांडीवर पडलेलं. तोंड अर्धं उघडं, जीभ बाहेर, डोळे टक्क. मी पाजायला घेतलं तर त्याला ओढताच येईना, दूध ओठांच्या कडेनं ओघळलं आणि त्याला ठसका लागला. मी त्याच्या हिरडीला बोट लावलं, त्यानं चावलं नाही, काही केलं नाही. हिरडी बधिर.

शेजारी ट्यूब पडली होती. तोंड आल्यावर लावायची जेल. मोठ्यांची. मामाजींच्या गालाला आतून चावा बसला होता म्हणून त्यांना दुकानातून मीच दिलेली. शेपटीला हिरवी पट्टी.

"किती वेळा लावलं?"

"तीनदा. सकायपासून."

त्यात भूल देणारं औषध असतं, ते बाळाच्या अंगात जास्त गेलं तर फिट येऊ शकते, श्वासाला त्रास होतो. घसा बधिर असताना पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं. आणि दुसरं औषध ॲस्पिरिनच्या जातीचं, जे लहान मुलांना द्यायचंच नसतं. हे सगळं मला पाठ होतं. मी रोज काउंटरवर आयांना हेच सांगून जेल न देता परत पाठवायचे.

बालरोगतज्ज्ञ अमरावतीला. फोनवर म्हणाले, काही पाजू नका, ओठांचा रंग आणि श्वास बघत लगेच घेऊन या. शेजाऱ्यांच्या गाडीत मी बाळाच्या ओठांवरून नजर हलवली नाही. डॉक्टरांनी काही तास समोर ठेवून घेतलं. संध्याकाळी त्यानं भोकाड पसरलं, आणि मग दूध नीट ओढलं. ते रडणं ऐकून मी रडले.

नवऱ्यानं रागात एकच वाक्य टाकलं, "वर्षभर दुकानाला कुलूप लाव." आणि मामाजींनी त्याहून वाईट केलं. त्यांनी बाळाला उचलायचंच सोडलं. ते रांगत पायाशी आलं तरी हात पाठीमागे. मी बाळाला रोज दुकानात घेऊन जाऊ लागले, गोळ्यांच्या खोक्यांमागे गोधडी टाकून. दोन गिऱ्हाइकं आली की बाळ रडायला लागायचं. असं चालणार नव्हतं हे मलाही कळत होतं.

शनिवारी दुपारी मामाजी डबा घेऊन आले. मी शटर अर्धं ओढलं आणि काउंटरवर सात ट्यूबा मांडल्या. "यातल्या लेकराला चालतील त्या काढा." त्यांनी शेपट्या बघितल्या आणि दोन हिरव्या पट्टीवाल्या वेगळ्या केल्या. एक होती तीच जेल. दुसरी अंगावरचे केस काढायची क्रीम.

मी नाव वाचून दाखवलं. मामाजींनी बाळाकडे बघितलं. "आधीच टकला हाय थो," ते म्हणाले, आणि त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा हसले.

मग मी सांगितलं. ही पट्टी कारखान्यातल्या मशीनसाठी असते. मशीनचा डोळा ती बघतो आणि ट्यूब कुठे कापायची, कुठे चिकटवायची ते ठरवतो. छपाईला जो रंग हाताशी असेल तो. आत काय आहे याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. "तुमचे त्रिकोण खरे आहेत मामाजी, अगदी खरे. पण ते फवारणीच्या औषधांनाच."

ते ट्यूब उलटसुलट करत राहिले. त्यावरचा मजकूर इंग्रजीत होता, मुंगीच्या पायाएवढा. "अळीच्या औषधासंग मराठीतला कागद येते," ते म्हणाले. "लेकराच्या औषधाले नाही?"

तेवढ्यात शटरखालून वाकून एक बाई आत आली. बाजूच्या खेड्यातली, भाजी विकायला आलेली, काखेत सात-आठ महिन्यांचं लेकरू. दात येतात, जेल द्या म्हणाली. मी नाही म्हटलं. ती हटेना, जावेनं लावली होती, काही झालं नाही, म्हणे. दुसऱ्या दुकानात जाते म्हणाली.

मामाजी स्टुलावरून उठले. "बाई, मी लावली होती ह्याले," त्यांनी गोधडीवरच्या बाळाकडे बोट केलं. "तीनदा लावली. याले दूध गियता येईना. माह्या नातवाले मी मारलंच होतं समज. स्वच्छ फडकं पाण्यात भिजव, थंड कर, अन् चावाले दे. धुतलेल्या बोटानं हिरडी चोळ. जेल नको नेऊ."

ज्या माणसाकडे गावं विचारायला यायची, तो हे अनोळखी बाईसमोर सांगत होता. ती काही न घेता गेली.

मला वाटलं, आता बोलावं. म्हटलं, "मामाजी, सोमवारपासून बाळ घरी ठेवू का तुमच्याजवळ?"

त्यांनी बाळाला उचललं, खांद्यावर घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या बाईले तू सांगतलं. येनाऱ्या समद्या बायांले सांगते. मंग मले ट्यूब देतानी कावून नाही सांगतलं, का लेकरापासून दूर ठेवजा?"

खरंच, दिली होती आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले होते. "तुम्ही मोठे," मी कसंबसं म्हटलं. "तुम्हाला काय सांगायचं."

"मोठा हाय म्हनून तं सांग न," मामाजी म्हणाले. "लेकराले औषध मीच देतो."