उत्तरेची खिडकी

रफूकाकांची आणि माझी ओळख एका खिळ्यामुळे झाली. कोर्टातल्या बाकाचा खिळा माझ्या काळ्या कोटात घुसला आणि खांद्याखाली बोटभर फाटलं. वकिली सुरू करून चार महिने झालेले, कोट एकच. कुणीतरी म्हणालं, मागच्या गल्लीत एक म्हातारा रफू करतो, त्याच्याकडे टाक. दुसऱ्या दिवशी कोट परत मिळाला आणि मी तिथेच उभी राहून ते भोक शोधायला लागले. सापडेना. फसवल्यासारखं वाटून मी जरा घुश्शातच विचारलं, "शिवलंत कुठे?"

"तुम्हाला सापडलं तर पैसे देऊ नका," काका म्हणाले.

मी पैसे दिले आणि त्यानंतर काही ना काही फाटलेलं घेऊन तिथे जातच राहिले. खोली एवढीशी. एका भिंतीला धाग्यांचे खण, नुसत्या काळ्या रंगाचे अकरा. काळा रंग एकच असतो असं फक्त वकिलांना वाटतं, हा त्यांचा ठरलेला टोमणा. कापडाच्या आतल्या शिवणीतून ते त्याच कापडाचे धागे ओढून काढत, आणि ते पुरले नाहीत तरच खणाकडे वळत. आणि हे सगळं एका खिडकीपाशी. खिडकी उत्तरेची.

"ऊन नको मला," ते म्हणायचे. "ऊन सकाळी पिवळं, संध्याकाळी तांबडं. त्याच्या नादी लागून धागा जुळवला की दुसऱ्या दिवशी तोंडघशी पडायचं. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा. ऊब नसते त्याला, पण खोटं बोलत नाही."

त्या खिडकीशी ते एकतीस वर्षं बसले होते. बायको गेल्यावर घरात ते आणि शाळेत शिकवणारी त्यांची लेक, एवढीच माणसं.

खिडकीमागची मोकळी जागा भांड्यांच्या दुकानदाराची. त्याने तिथे गोदाम बांधायला काढलं. पाया खणला तेव्हा काकांनी विचारलं, तर तो म्हणाला, "काका, तुमच्या खिडकीचं बघतो ना मी." काकांनी विश्वास ठेवला. वर मजुरांना प्यायला पाणीही दिलं. भिंत खिडकीपासून हातभर अंतरावर कंबरेइतकी आली, तेव्हा कुठे ते माझ्याकडे आले, तेही ओशाळून, जणू भिंत त्यांनीच बांधली होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्याने काढली त्याने अशा भल्या माणसांचं फार वाटोळं केलंय.

मी दावा लावला. इतकी वर्षं विनातक्रार मिळालेला उजेड हा काकांचा हक्क आहे, तो अडवू नये, असा कायमचा मनाई हुकूम मागितला. पण तो मिळतो शेवटी, साक्षी-पुरावे झाल्यावर, आणि शेवट यायला वर्षं जातात. तोवर भिंत काही वाट बघत बसत नाही. म्हणून दाव्याबरोबर वेगळा अर्ज केला, तात्पुरत्या मनाईचा: निकाल लागेपर्यंत बांधकाम थांबवा. पहिल्याच दिवशी न्यायाधीशबाईंनी दुसऱ्या बाजूला नोटीस काढली आणि आठ दिवसांसाठी 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. ते आठ दिवस काका लग्नघरातल्यासारखे खुशीत होते. कंबरभर भिंतीवरून उजेड येत होता. मीही हवेत होते. माझा पहिला हुकूम ना तो!

नवव्या दिवशी सुनावणी झाली. अशा वेळी कोर्ट तीन गोष्टी बघतं. अर्जदाराचं म्हणणं वरवर पाहता खरं दिसतंय का? थांबवल्याने एकाची आणि न थांबवल्याने दुसऱ्याची, यात जास्त गैरसोय कुणाची? आणि थांबवलं नाही तर होणारं नुकसान असं आहे का, की ते पुढे पैशाने भरून निघणार नाही? पहिली गोष्ट मी जिंकले. एकतीस वर्षं कुणी नाकारतच नव्हतं. दुसरीत पारडं त्यांच्याकडे झुकलं. काम अर्धं झालेलं, कर्ज काढलेलं, आणि पाया खणला तेव्हा आम्ही गप्प बसलेलो. "वादी मजुरांना पाणी देत होते, विरोध करत नव्हते," असं समोरचे वकील म्हणाले, तेव्हा काकांनी मान हलवून होकार दिला. खोटं कसं बोलणार?

मग समोरच्या वकिलांनी माझ्याच दाव्याचं शेवटचं पान काढलं. तिथे मी लिहिलं होतं की मनाई देता येत नसेल, तर पर्याय म्हणून इतकी इतकी भरपाई द्यावी. एक दार बंद झालं तर दुसरं उघडं असावं, असं मला शिकवलेलं. मी ते लिहिताना शहाणपणाच्या धुंदीत होते.

"नुकसान भरून न येणारं आहे म्हणतात," वकील म्हणाले, "आणि त्याची किंमतही स्वतःच सांगतात!"

न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हा नुसता उजेडाचा प्रश्न नाही, त्यांच्या हातातली कला जाईल."

"असं आज तुम्ही म्हणता," त्या शांतपणे म्हणाल्या. "बिघडलेलं काम आहे का दाखवायला?"

नव्हतं. बिघडायचंच होतं अजून. जे घडू नये म्हणून आलो, ते घडल्याचा पुरावा कुठून आणायचा? बाईंनी अर्ज फेटाळला. दुकानदाराकडून मात्र लेखी हमी घेतली: दावा हरलो तर भिंत स्वखर्चाने पाडीन, बांधकाम झालंय म्हणून सवलत मागणार नाही. वरच्या कोर्टात गेले, तर ते म्हणाले, खालच्या कोर्टाने सगळं नीट तोलून ठरवलंय, आम्ही हात घालणार नाही. बाईंचं चुकलं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. कुणावर तरी चिडता आलं असतं.

भिंत छताला भिडली. काका बल्ब लावून बसायला लागले. मी जायचे, तेव्हा ते विचारायचे, "वकीलबाई, तारीख?" आणि मी म्हणायचे, "धीर धरा काका. भिंत पडली की सगळं लख्ख दिसेल." हे वाक्य मी सहा वर्षांत किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. चौथ्या वर्षी माझ्या कोटाचा खिसा उसवला. त्यांनी रफू करून दिला. कोर्टाच्या व्हरांड्यात आले तर काळ्यावर तपकिरी डाग पडल्यासारखा तो तुकडा दिसत होता. मी त्यांना सांगितलं नाही. गिऱ्हाइकं सांगत होती. आणि नंतर न सांगताच येईनाशी झाली.

सहाव्या वर्षी साक्षी सुरू झाल्या. कोर्टाने पाठवलेल्या कमिशनरने अहवाल दिला होता की भर दुपारीही खोलीत दिव्याशिवाय अक्षर दिसत नाही. पण मला आणखी हवं होतं. एका जुन्या गिऱ्हाइकाकडून मी दोन कोट मिळवले, एक भिंतीआधी रफू केलेला, एक नंतरचा. काकांना पिंजऱ्यात उभं करून दुसरा कोट हातात दिला.

"हे काम तुमचं?"

काका कोट उलटसुलट करत राहिले. कोर्टाच्या खिडकीतून एवढा उजेड येत होता, तरी रफू त्यांना पटकन सापडेना. मान तिरकी करून, बोटांनी चाचपत ते तिथवर पोचले. मला वाटलं, बिचारे लाजतायत.

"माझंच," ते म्हणाले.

"चांगलं झालंय?"

असा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "नाही," ते म्हणाले, आणि कोटाची नीट घडी घालून त्यांनी तो मला परत दिला. भर कोर्टात त्या माणसाकडून मी त्याच्याच हातांची नालस्ती करून घेतली, आणि जागेवर बसताना मनात म्हणाले, जिंकलो.

जिंकलोच. पण निकालाच्या आधी महिनाभर त्यांची लेक माझ्या ऑफिसात आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली.

"ताई, बाबांना दिसत नाहीये."

काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, पाच-सहा वर्षांचा तरी असणार. कडेकडेने दिसणं कमी होत जातं, माणसाला उमगतही नाही. वेळेवर आला असता तर थांबवता आला असता, गेलेलं परत येत नाही.

"इतक्या वर्षांत कळलं कसं नाही गं?" मी विचारलं.

"बाबा म्हणायचे भिंतीमुळे अंधारतंय. मी बल्ब वाढवत गेले. तुम्हीही म्हणायचात ना, भिंत पडली की लख्ख दिसेल."

त्या कोटावरच्या रफूत भिंतीचा दोष किती आणि डोळ्यांचा किती, हे आता कुठलंच कोर्ट ठरवू शकत नाही. कमिशनरच्या अहवालावर दावा एरवीही टिकला असता, असं मी स्वतःला सांगते. पण आठ दिवसांच्या त्या 'जैसे थे'ची मुदत निकालापर्यंत वाढली असती, तर खिडकी उघडी असूनही अंधारतंय हे काकांना पहिल्याच वर्षी खटकलं असतं. हेही मी स्वतःला सांगते, आणि ते जास्त खरं वाटतं. माझ्या त्या शेवटच्या पानाची भरपाई कुणाकडे मागायची?

निकाल लागला. प्रतिवादीने वादीचा उजेड कायमचा अडवू नये, आणि भिंत दोन महिन्यांत काढावी. कागदावर एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. दुकानदाराने अपील केलं नाही. काकांचं कळल्यावर तोच म्हणाला, "उद्याच पाडतो." बैल गेला आणि झोपा केला, पण त्याला तरी काय बोलू? मी स्वतः निकालाची नक्कल हातात घेऊन वरातीमागून निघाले होते.

भिंत पाडली तेव्हा मी खोलीत होते. विटा एकेक करून उतरत होत्या. दुपारपर्यंत खिडकी मोकळी झाली आणि खोलीत तो उजेड पसरला. अकराच्या अकरा काळे वेगवेगळे दिसायला लागले. माझ्या खिशावरचा तपकिरी तुकडाही दिसला. लेक दाराशी पाठ करून उभी होती.

काका आपल्या जुन्या जागेवर बसले होते, हात मांडीवर, तोंड खिडकीकडे. विटांचा आवाज थांबून बराच वेळ झाला होता.

"वकीलबाई," त्यांनी विचारलं, "आला का उजेड?"

"आला, काका."

"हां," ते म्हणाले. "ऊब नसते ना त्याला. म्हणून विचारलं."