फोटोखालच्या चार ओळी

लग्नानंतर काही वर्षांनी आमच्या अलिबागच्या घरातून मसाले, मेतकूट, भाजणी आणि फराळ परदेशी जाऊ लागला. सुरुवात ह्यांच्या एका मित्रामुळे झाली. तो नोकरीला आफ्रिकेत मोंबासाला गेला आणि तिथल्या मराठी घरांना आमच्या गोड्या मसाल्याची चव लागली. मोठ्या जाऊबाई भाजत-कुटत, हे मुंबईच्या खेपा करत, आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

एका वर्षी मुंबईच्या एका मासिकात जाहिरात द्यायचं ठरलं. हे मासिक टपालाने आफ्रिकेत जात असे. डब्यांचा फोटो आणि त्याखाली चार ओळी, एवढीच जागा होती. मी लिहिलं: पावसाळ्यात रेवसची लाँच बंद असते, म्हणून माल नारळी पौर्णिमेनंतर निघेल. मुंबईहून मोंबासाला बोटीने साधारण दोन आठवडे. किमान मागणी एक खोका. तिथली जकात मागवणाऱ्याने भरायची.

खोक्याची अट बघून जाऊबाई रागावल्या होत्या. "एकटीदुकटी बाई खोकाभर घेऊन करेल काय?"

ह्यांनी समजावलं, "वहिनी, बोटवाले ठरावीक भाड्याच्या खाली काहीच नेत नाहीत. किलोभर मसाल्यालाही तेवढंच भाडं. चार घरांनी मिळून मागवलं तर परवडेल."

आणि तसंच झालं. जाहिरात वाचून मोंबासाच्या एका शाळेतल्या बाईंनी ओळखीची घरं गोळा करून पहिली मागणी पाठवली. आम्ही डबे भरले, तोंडांना कथलाचा डाग देऊन हवाबंद केले, देवदारी खोक्यात भुसा घालून रचले. लाँच सुरू होताच हे रेवसहून खोका घेऊन मुंबईला गेले, तो बोटीवर चढवण्यासाठी दलालाकडे सोपवला आणि संध्याकाळी मासिकाचा अंक घेऊन परत आले. छापखान्याने आम्हाला अंक पाठवलाच नव्हता. तो ह्यांनी मागून आणला होता.

मी आधी फोटो पाहिला. छान आला होता. मग ओळी वाचल्या. तीनच होत्या. जागा पुरली नसावी, म्हणून कोणीतरी जकातीची शेवटची ओळ काढून टाकली होती.

"अहो, त्या बाईंना वाटेल जकात आपण भरलीय."

ह्यांनी अंक हातात घेतला, पुन्हा वाचला आणि खाली बसले. पैसे न भरल्यास खोका बंदरातल्या गोदामात पडून राहणार, जागेचं भाडं चढणार, आणि चकल्या तिथेच खवट होणार. बाईंनी शेजारणींना भरीला घातलेलं. आता बाई त्यांना काय तोंड दाखवणार?

दुसऱ्या दिवशी पहिल्या लाँचने आम्ही दोघं भाऊच्या धक्क्यावर उतरलो आणि आमची कस्टमची कामं बघणाऱ्या दलालाकडे गेलो. ते वयस्क गुजराती गृहस्थ होते.

"खोका परत काढता येईल का?" ह्यांनी विचारलं.

"इथला कस्टम पास झालाय. आता काढायचा म्हणजे पुन्हा सगळे कागद. जाऊ दे तो. बोट पोचायच्या आधी कागद पोचले पाहिजेत, ते बघा. बोटीची पावती आणि मालाची यादी विमानाने पाठवा. सोबत बाईंना सरळ लिहा, जकात तुमच्याकडे." मग त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "हे मेटकुट काय असतं? तिथला साहेब विचारेल. कळलं नाही तर एकेक डबा फोडून बघेल."

मी विचार केला. "भाजलेल्या डाळी-तांदळाचं पीठ, मसाला घातलेलं."

"तसंच लिहा. प्रत्येक वस्तूचं असंच."

त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून मी चकली म्हणजे तळलेलं पीठ, आमसूल म्हणजे सुकवलेलं फळ, असं एकेक सांगत गेले आणि त्यांनी ते इंग्रजीत टाइप करून घेतलं. बाईंना पत्र मात्र मी स्वतः लिहिलं. छापताना ओळ गळली, जकात जड वाटली तर पुढच्या खोक्यात तेवढा माल जास्त घालू, असं त्यात लिहिलं. ह्यांना न विचारताच लिहिलं होतं. त्यांनी वाचलं, पाकीट बंद केलं आणि आम्ही ते मोठ्या टपाल कचेरीत टाकून आलो.

मग वाट पाहणं आलं. जाऊबाईंनी दुसऱ्या खोक्याची भाजणी भाजायला घेतली नाही. "पयला पोचू दे," एवढंच म्हणाल्या.

तार आली तेव्हा आम्ही अंगणात पावसाळ्यात सादळलेली आमसुलं पुन्हा उन्हाला घालत होतो. ह्यांनी ती उघडून मोठ्याने वाचली. माल सुटला, डबे शाबूत, पुढचे दोन खोके पाठवा. जाऊबाईंनी ती पुन्हा वाचायला लावली आणि पदराने तोंड पुसलं. मी ओट्यावर बसले आणि किती तरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

मागाहून बाईंचं पत्र आलं. जकातीची कल्पना त्यांना होतीच. तिकडे सगळ्याच मालावर ती द्यावी लागते, म्हणून त्यांनी घराघरांतून पैसे आधीच गोळा केले होते. साहेबाने यादी वाचून एकच डबा उघडायला लावला, तो मेतकुटाचा. तेव्हा बाईंनी त्याला भातावर कसं घ्यायचं तेही सांगितलं.

जाऊबाईंनी पत्र संपेपर्यंत ऐकलं आणि उठून चुलीवर भाजणीची कढई ठेवली.