गुणवंतरावांचे दोन शब्द

सावली गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत मी बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावत आलो. त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले गेले, की माझं काम संपतं आणि पाहुण्यांची भाषणं सुरू होतात. मंचावरून मला उठता येत नाही, त्यामुळे ती सगळी ऐकावी लागतात. गुणवंतराव दुधे यांना मी मांडवात दोनदा बोलताना ऐकलं. मधल्या दोन वर्षांत त्या माणसावर काय आलं, तेही पाहिलं.

गुणवंतराव वन खात्यात कारकून होते. कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं लिहिणं हे त्यांचं काम: जन्मतारीख, शिक्षण, नेमणूक, बदली, रजा. नोंद खरी असली की झालं, असं ते मानत. त्यांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. पुढे धाकटा भाऊ लहानू लाकडाच्या ट्रकवरून पडून वारला, तेव्हा त्याची बायको मनकर्णा आणि दोन मुली, सीता आणि कांता, यांचा भार त्यांनी घेतला. पुन्हा लग्न केलं नाही. मुली त्यांना मोठेबाबा म्हणत.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात थोरल्या सीतेचं लग्न झालं. नाव पुकारलं गेलं तसे गुणवंतराव चार पानं घेऊन उभे राहिले आणि जन्मापासून वाचू लागले. कोणत्या साली कोणत्या शाळेत, तिसरीत टायफॉईड, सातवीत गणितात नापास, पुढल्या वर्षी उत्तीर्ण, शिवणकामाचं प्रमाणपत्र. आवाज एकसारखा. दुसऱ्या पानाला मागच्या रांगा उठून हात धुवायला गेल्या. तिसऱ्या पानाला वरपक्षाच्या पोरांनी मुद्दाम टाळ्या पिटल्या. टाळ्या सरेपर्यंत गुणवंतराव थांबले, मग पुन्हा वाचू लागले. शेवटच्या ओळीपर्यंत ते गेले. मी मान खाली घालून बसलो होतो.

एवढ्यावर भागलं असतं, तर लोक विसरले असते. पण सीतेच्या सासरी ते भाषण कोणी विसरलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं की सासू म्हणायची, नापास पोरगी, तुमच्याच घरच्यानं सांगतलं. अंग दुखलं की म्हणायची, टायफॉईडची आहे, आम्हाले आधी ठाऊक असतं तर. सीतेनं हे आईपाशी बोलायला दीड वर्ष लावलं. मनकर्णाबाईंनी ते गुणवंतरावांपासून लपवलं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात कांताचं लग्न ठरलं. गुणवंतराव पुन्हा कागद घेऊन बसले. या खेपेला सहा पानं झाली. मनकर्णाबाई माझ्याकडे आल्या, सारं सांगितलं, आणि पदरानं तोंड दाबून म्हणाल्या, "बापूजी, भाऊजीले म्हणा, बोलू नोका. माह्यानं म्हणवत नाई."

मला ते सांगावं लागलं. दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून मी एकेक गोष्ट सांगितली, नापासची, टायफॉईडची. गुणवंतराव ती सहा पानं उचलून फाडायला लागले, पण त्यांना फाडवेनात. कागद चुरगळले फक्त.

"खोटं एकही नाई लिवलं मी," ते म्हणाले. "पोरीचा बाप नाई. मी बी नाई बोललो, तर तिचं कोण बोलन?"

चार दिवस ते कचेरीत गेले नाहीत. मनकर्णाबाईंनी ठेवलेलं ताट तसंच परत जाई. चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो तेव्हा भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली. मला भीती वाटली, खरं सांगतो. त्यांना काही काम द्यायला हवं, एवढंच सुचलं. ती चुरगळलेली पानं मी सरळ केली.

त्यांना मी सांगितलं की इतकी लग्नं ऐकून मला एक कळलं आहे. जन्मसाल ऐकलं की लोक मनात म्हणतात, आता शाळा येणार, मग नोकरी येणार. पुढचं आधीच दिसत असल्यावर ऐकायचं कशाला? त्यात गावाला हे सारं माहीतच असतं. आणि सालावारीत सगळ्या नोंदी सारख्याच वजनाच्या. नापास होणंही तेवढंच आणि जीव लावणंही तेवढंच. ऐकणाऱ्यानं काय घरी न्यायचं हे बोलणाऱ्यानं ठरवलं नाही, तर तो हाताला लागेल ते नेतो.

"मंग काय ठेवू?" त्यांनी विचारलं.

"कांता कशी आहे, ते एका वाक्यात सांगा."

पहिल्यांदा म्हणाले, हुशार आहे. मी म्हटलं, हे प्रत्येक पोरीबद्दल म्हणतात. मग म्हणाले, ती कोणाले एकटं पडू देत नाई. कशावरून, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. लहानू गेला त्या वर्षी संध्याकाळी ते दारातच बसून राहत. आठ वर्षांची कांता समोर येऊन बसे. बोलत नसे, जात नसे. अंधार पडला की म्हणे, मोठेबाबा, डास चावते, आत चला.

मी म्हटलं, इथूनच सुरू करा. आधी ती संध्याकाळ, मग त्यातून दिसणारी कांता. मग जावयाकडे वळा, कारण लग्न दोघांचं आहे, त्याचीही एकच गोष्ट. शेवटी दोघांना मिळून एक मागणं, आणि बसा. या वाटेवर न येणारं वाक्य कितीही खरं असो, काढा.

काढताना त्यांचे फार हाल झाले. दहावीचे गुण काढले तेव्हा म्हणाले, रात्रंदिवस अभ्यास केला तिनं, हे मी कसं खोडू? प्रत्येक ओळ म्हणजे त्यांनी पोसलेलं एकेक वर्ष होतं. शेवटी अर्धं पान उरलं. जावयाबद्दल त्यांच्याकडे काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते सायकलनं मूलला, जावयाच्या गावी, गेले, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत बसले आणि एक गोष्ट घेऊन आले.

लग्नात ते अर्धं पान घेऊन उभे राहिले. मनकर्णाबाई मांडवाच्या खांबाला धरून होत्या. मागची रांग सवयीनं उठली.

"लहानू गेला त्या साली मी रोज संध्याकाळी दारात बसून राहो," गुणवंतराव म्हणाले.

मागचे उभ्याउभ्याच थांबले. डासांचं ऐकून काही हसले, आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग ते जावयाकडे वळले. याची आंधळी आजी बाजारात जायचा हट्ट धरते, तर हा दर आठवड्याला तिला हाताला धरून नेतो, आणि बाजारात काय काय आलं ते वाटेनं सांगत राहतो. शेवटी म्हणाले, "दोघंही माणसाजवळ बसणारे आहा. आता एकमेकाजवळ बसा. भांडण झालं त्या दिवशी तर नक्कीच बसा." आणि ते खाली बसले. पाच मिनिटंही झाली नव्हती. जावयाच्या बापानं येऊन त्यांना मिठी मारली.

त्यांनी मात्र कोणाकडे पाहिलं नाही. सीता बायकांत बसली होती, तिच्याकडेच ते पाहत होते. जेवणं झाल्यावर ती जवळ आली.

"मोठेबाबा, माह्याबद्दल असं काही नव्हतं काय तुमच्यापाशी?"

"होतं," ते म्हणाले. "मले ठेवता नाई आलं."

पुढच्या रविवारी ते सीतेच्या सासरी गेले. सासूला सांगितलं की आईला कावीळ झाली तेव्हा बारा वर्षांच्या सीतेनं दोन महिने घर आणि बहीण सांभाळली, शाळा बुडाली, म्हणून गणित राहिलं. सासूनं ऐकून घेतलं. चहा दिला. म्हणाली, हे तेव्हाच सांगतलं असतं तर. त्यानंतर टोमणे कमी झाले असं सीता म्हणते. आईच्या समाधानासाठी म्हणते की खरंच, मला माहीत नाही. गुणवंतराव दर रविवारी जात राहिले.