नऊ तारखेची दोन कामं

दशरथने उर्मिलाबाईंना जी पावती पाठवली, तिच्यात नाव बरोबर होतं, रक्कम बरोबर होती आणि तारीख दुसऱ्याची होती.

झालं असं, की चौदा वर्षं लीलाधरशेठच्या हाताखाली टाइल्स बसवल्यावर दशरथने स्वतःचं काम सुरू केलं होतं. पेणकरपाड्यात भाड्याची खोली, दोन मिस्त्री, आणि व्हॉट्सॲपला हातोड्याचा फोटो. बायको आशाने बजावलं होतं, "अहो, पैसे आले की लिहून द्या. मोठे लोक लिहूनच देतात." आठवीपर्यंत शिकलेल्या दशरथला चार ओळी जुळवायला अर्धा तास लागे. म्हणून काशीमीऱ्याच्या जितेश या दुसऱ्या गिऱ्हाइकाला पाठवलेला मेसेजच त्याने उचलला, नाव बदललं, दहाचे वीस हजार केले. 'काम सोमवार दि. ९ पासून सुरू होईल' ही ओळ तशीच राहिली. उर्मिलाबाईंना तोंडी त्याने सोळा सांगितली होती. पण लिहिलेलं आल्यावर तोंडचं कोण लक्षात ठेवतं?

उर्मिलाबाई शांती नगरमध्ये राहायच्या, बँकेत नोकरी. त्यांच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात झिरपत होतं आणि त्यांच्या बिल्डिंगमधल्या आणखी बावीस घरांचं दुखणं हेच होतं. म्हणून हे काम दशरथला हवं होतं. एक चांगलं झालं, तर बावीस घरं त्याला त्याच्या नावाने ओळखतील, 'लीलाधरचा माणूस' म्हणून नव्हे.

बाईंनी तो मेसेज छापून सोसायटीच्या अर्जाला जोडला. सेक्रेटरींनी तोडफोडीला नऊ ते बारा तारखेची परवानगी दिली. पंधरापासून दहावी-बारावीच्या परीक्षा संपेपर्यंत हातोडा बंद, हा तिथला दरवर्षीचा नियम, दशरथला ठाऊक नसलेला. बाईंनी चार दिवस रजा टाकली, सासूबाईंना बहिणीकडे पोचवलं आणि सोमवारी नऊ वाजता रिकाम्या बाथरूमपाशी बादली घेऊन उभ्या राहिल्या.

दशरथ तेव्हा काशीमीऱ्याला जितेशचं बाथरूम फोडत होता. फोन आला तेव्हा तो शहाणपणाने म्हणाला, "मॅडम, तुमचं सोळाला आहे."

"दशरथभाऊ, तुमचाच मेसेज वाचा."

त्याने वाचला. धुळीने भरलेल्या बोटाने स्क्रीन पुसून पुन्हा वाचला. इथे चूक कबूल करायची, की आणखी एक करायची, याचा निर्णय त्याने फार चटकन घेतला.

"मिस्त्री आजारी पडलाय मॅडम. उद्या बघतो."

मागे मिस्त्री ठणठणीत हातोडा मारत होता आणि तो फोनमध्ये ऐकू येत होता. बाईंनी तो आवाज ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "चुकलं म्हणाला असता, तर मी थांबले असते."

दुपारी त्याने जितेशच्या कामावरचा एक माणूस दोन दिवसांसाठी हलवू का विचारलं. जितेश म्हणाला, माझ्या घरात नळ उघडा पडलाय, पोरं शेजाऱ्याकडे आंघोळीला जातायत, माणसांना हात नको लावूस. त्याचंही चुकलं नव्हतं. त्यालाही नऊच लिहून दिली होती. दशरथने दोन ओळखीच्या मिस्त्रींना फोन लावले. एक गावाला, दुसरा आगाऊ मजुरी मागणारा. संध्याकाळी तो बाईंच्या दारात गेला, तर सेक्रेटरींनी लीलाधरशेठला आधीच बोलावलेलं.

लीलाधरशेठ कुणाला काही लिहून देत नसे. लिहिताच येत नव्हतं म्हणा. पण त्याच्याकडे तीन गट होते आणि मंगळवारी सकाळी दहाच्या आत त्यातला एक शांती नगरमध्ये ठोकायला लागला. टाइल्स दशरथनेच निवडून आणलेल्या, बारा हजार चारशेच्या. त्या बाईंनी ठेवून घेतल्या. शेठ जिन्यात भेटला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रंग बरा घेतलास रे. हात तुझा चांगलाच आहे. ये परत, तारखा मी सांगीन." हे तो प्रेमाने म्हणाला, आणि तेच दशरथला जास्त लागलं.

बाथरूम वेळेत झालं. बावीसपैकी पहिली तीन घरं परीक्षा संपल्यावर शेठकडे गेली. बिल्डिंगमध्ये दशरथचं नाव राहिलं, पण 'तो नऊ तारखेवाला' म्हणून.

उरलेले सात हजार सहाशे बाईंना परत द्यायचे होते. सात हजारच जमले, सहाशे शनिवारच्या मजुरीत गेले. आशाने विचारलं, सांगितलंत का त्यांना? तो म्हणाला, पाठवले ना.

रात्रीच्या आत बाईंचा मेसेज आला. त्यांनी तो कुठून उचललेला नव्हता.

'७,००० मिळाले. ६०० बाकी. कधी देताय ती तारीख कळवा.'

दशरथने 'सोमवारी' लिहिलं आणि खोडलं. मग 'पुढच्या आठवड्यात' लिहिलं आणि तेही खोडलं. तारीख लिहायची हिंमत काही होईना. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा मात्र बाईंना दिसल्या असतील. सहाशे अजून बाकीच आहेत.