देवघरातले फोन

नातीची नर्सिंगची परीक्षा जवळ आली, तरी पुस्तक उघडलं की तिचा हात फोनकडं जायचा. रोज शपथ घ्यायची, रोज मोडायची. मी म्हणलं, "शपथा राहू दे, जागाच बदलू." तिचं टेबल धान्याच्या खोलीत लावलं आणि दोघींचे फोन देवघरात ठेवले. आमच्यात देवघरात हात घालायचा तर ताजी अंघोळ लागते, अन् पाणी टँकरचं. फोनसाठी दुसऱ्यांदा कोण न्हाणार? पोरगी निमूट अभ्यासाला लागली.

एका दुपारी मी ओले केस झटकत न्हाणीतून निघाले, तर ती दारातच उभी.

"आजी, सकाळीच न्हालीस की. परत कावून?"

"लई उकडतंय."

"मग देवघराकडं कावून निघालीस?"

फोनवर बघायच्या माझ्या मालिकेची वेळ झाली होती. मी देवाला नुसते हात जोडले आणि माघारी फिरले.

पास झाल्यावर तिनं देवापुढं पेढे ठेवले, अन् स्वतःचा फोन घ्यायच्या आधी माझा फोन माझ्या हातात दिला.