दादाला न सांगता सुटलेली गाडी

वणीच्या स्टँडवर माझी ट्रंक एसटीच्या टपावर माझ्या थोरल्या भावाने, दिनकरदादानेच चढवली होती. मी दोन दिवसांसाठी नागपूरला जातो आहे, असं त्याला वाटत होतं. पुण्यात टाइल्सच्या दुकानात मला नोकरी लागली आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्याला नाही. बाबा म्हणाले होते, "त्याले नको सांगू. बहिऱ्या माणसाले काय समजते, उगाच रडून राहील." गाडी सुटली तेव्हा दादा हसत हात हलवत होता. ते हसणं मी पुण्याला नेलं आणि बाबांवरचा राग कधी खाली ठेवला नाही.

दादाला खरं कळलं ते आठवड्याने. पुढे मी दुकान काढलं, कारखानदारांशी भांडून भाव पाडले, नाव झालं. सणाला घरी जायचो. दादा जेवायला वाढायचा, पण माझ्याकडे पाहून काही सांगायला हात उचलायचा नाही. अमरावतीच्या शाळेत तो खुणांची भाषा शिकला होता, मित्रांशी तासन्‌तास बोलायचा. मी ती शिकलो नाही. वेळ नव्हता, असं मी सांगतो.

यंदा वणीतल्या आमच्या शाळेच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला मला बोलावलं. फरशी माझ्या दुकानातली होती, म्हणून आभारप्रदर्शनही माझ्याकडे. मी अट घातली: खुणांच्या भाषेत सांगणारा दुभाषी पाहिजे, दादा आणि त्याचे मित्र पुढच्या रांगेत पाहिजेत. मग सवयीने घासाघीस सुरू केली. नागपूरच्या दुभाषी वैशालीताईंना फोनवर म्हणालो, "दोन तासांसाठी दोन माणसं कायले? एकात भागवा ना."

"वीसेक मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतात, भाऊ. मग चुका होतात. आम्ही आलटून पालटून करतो. दोघं नाही तर मी येणार नाही. आणि तुमचं भाषण आधी पाठवा."

माझ्यासमोर इतक्या शांतपणे कोणी अडून बसत नाही. मी दोघांना हो म्हटलं. भाषण मात्र पाठवलं नाही. आभाराला काय तयारी लागते?

कार्यक्रम चांगला चालला. वैशालीताई आणि त्यांच्यासोबतचा दुसरा दुभाषी नीलेश गडद साध्या कपड्यांत, वक्त्याच्या शेजारी, उजेडात. स्वयंसेविका शबाना त्यांच्या आणि पहिल्या रांगेच्या मध्ये कोणाला उभं राहू देत नव्हती. फोटोवाल्याला तिने दोनदा हाकललं. मदतीला आलेला राजूभाऊ उतारावरून चाकाच्या खुर्च्या वर आणत होता.

शेवटी मी उठलो. आमच्याकडे आभार म्हणजे चपला शोधायची वेळ, त्यामुळे निम्मा हॉल उभा राहिलेला. मी वैशालीताईंकडे वळलो, हात जोडले आणि म्हणालो, "माझ्या भावासारख्या ज्या बिचाऱ्यांना बोलता येत नाही, त्यांचा आवाज झालेल्या या देवमाणसाचे..."

त्यांचे हात चालूच होते. स्वतःची स्तुती स्वतःच्याच हातांनी करावी लागत होती, त्यात ते 'बिचारे'ही आलं. पहिल्या रांगेतला दादा उठला आणि दाराकडे निघाला.

बाबांचंच वाक्य मी माईकवर म्हटलं होतं. त्याच्याबद्दल, त्याच्यासमोर, त्याला वगळून.

शबानाने पुढे होऊन त्याच्यासमोर हात हलवला, मंचाकडे बोट दाखवलं. तो थांबला. मी वैशालीताईंना खाली बसायला सांगितलं, नीलेशने जागा घेतली. उभ्या लोकांना म्हणालो, "बसा बाप्पा, मागच्याले हात दिसत नाहीत." मग दुभाष्याकडे न पाहता दादाकडे पाहिलं आणि एकेक वाक्य थांबत बोललो.

"दादा, चुकलो. तुला बोलता येतं. मला तुझी भाषा येत नाही, म्हणून मला वैशालीताई आणि नीलेश लागले. आज त्यांच्यामुळे आपण सगळे एकमेकांना समजलो. शबानाने नजर मोकळी ठेवली, राजूभाऊने वाट. मांडववाले, माईकवाले, स्वयंपाकी, यांच्याच रांगेत या चौघांचेही आभार. टाळी अशी वाजवा." मी दोन्ही हात वर करून पंजे फिरवले. सगळा हॉल हातांनी भरला, आणि दादाला ती टाळी दिसली.

मग दादाचे हात चालू लागले. बसल्या जागेवरून वैशालीताई बोलल्या, दुभाष्यांच्या रीतीप्रमाणे दादाच्या वतीने 'मी' म्हणून, "तू गेलास तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. ट्रंक मी चढवली होती."

मी माईक ठेवून मंचावरून उतरलो आणि दादासमोर जाऊन उभा राहिलो, तसे त्याचे हात पुन्हा चालले.

"आता कधी जाणार, ते मला सांग. दुसऱ्या कोणाला नको."

नीलेशने मला दोन खुणा दाखवल्या. मी हातांनी वेडंवाकडं सांगितलं: उद्या, सकाळी. दादाने माझी बोटं धरून 'सकाळ' नीट करून दिली.

पुण्यात माझ्या नावाचं दुकान आहे, घर आहे. पण मी निघताना ज्याला आधी सांगावं लागतं, तो वणीला राहतो.